मुद्रितशोधन, मोबाइल आणि पडद्याचा रंग: डार्क आणि लाइट मोड पारखताना आलेला माझा अनुभव

सोलापुरात घरी बसून मी मराठी पुस्तकांचे आणि शेतीविषयक पुस्तिकांचे मुद्रितशोधन करते. कागदी प्रुफे आता क्वचितच येतात. बहुतेक मजकूर पीडीएफच्या रूपात लॅपटॉपवर वाचला जातो आणि गावाला जाताना तोच मजकूर मी फोनवर उघडते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या अनेकांनी आपली सगळी उपकरणे डार्क मोडवर, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे अशा मांडणीवर, कायमची ठेवली आहेत. त्यामागे दोन कारणे सांगितली जातात: डोळ्यांना आराम मिळतो आणि बॅटरी वाचते. ज्या कामात एका अनुस्वाराने नदीचा नंदी होतो, त्या कामात अशी गोष्ट ऐकीव माहितीवर ठरवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून दोन्ही कारणे मी माझ्याच उपकरणांवर आणि माझ्याच मजकुरावर तपासून घेतली.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण तिथे उत्तर बरेचसे पडद्याच्या प्रकारावर ठरते. एलसीडी पडद्याच्या मागे दिव्यांचा थर सतत पेटलेला असतो. काळा रंग दाखवायचा झाला तरी ते दिवे विझत नाहीत, फक्त पुढचे द्रवस्फटिक त्यांचा उजेड अडवून धरतात. ओएलईडी पडद्यात मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे पूर्ण काळा ठिपका म्हणजे जवळपास बंद ठिपका. आपला पडदा कोणत्या प्रकारचा आहे हे खोक्यावरचा मजकूर न शोधताही समजते. रात्री खोलीतले दिवे घालवावेत, पूर्ण काळे चित्र पडदाभर उघडावे आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवावा. माझ्या लॅपटॉपचा पडदा तेव्हा राखाडी उजळत राहिला आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपताना दिसला, म्हणजे तो एलसीडी. फोनचा पडदा कुठे संपतो आणि भोवतीची काळी कड कुठे सुरू होते हेच कळेना, म्हणजे तो ओएलईडी.

लॅपटॉपवर हिशेब करण्याआधी एक काळजी घ्यावी लागली. विंडोजमध्ये पडद्यावरच्या मजकुराच्या रंगानुसार ब्राइटनेस आपोआप बदलणारी सोय काही लॅपटॉपवर चालू असते. ती चालू राहिली तर आपण मोडची तुलना करत आहोत की त्या सोयीची, हे समजत नाही. ती बंद करून, ब्राइटनेस एकाच जागी ठेवून आणि चार्जर काढून, मी तीच पीडीएफ आधी पांढऱ्या आणि मग काळ्या पार्श्वभूमीवर सारखाच वेळ वाचली. पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये नुसती गडद थीम निवडली तर बऱ्याचदा भोवतीची चौकट तेवढी काळी होते आणि पान पांढरेच राहते. माझ्याकडच्या अॅक्रोबॅट रीडरमध्ये पानाचा रंग बदलण्यासाठी Preferences मधील Accessibility या भागात जाऊन Replace Document Colors निवडावे लागले. नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा दिली:

```
powercfg /batteryreport
```

या आज्ञेने एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली आहे हेही तिथेच दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडली की बॅटरी कोणत्या वेळेत किती उतरली याची नोंद वाचता येते. माझ्या दोन्ही वाचनांच्या नोंदींत दखल घ्यावी असा फरक नव्हता, आणि एलसीडीची रचना पाहता तसेच अपेक्षित होते. उन्हाळ्यात वीज गेल्यावर लॅपटॉप जास्त वेळ चालावा असे वाटत असेल, तर ब्राइटनेस कमी करणे हाच खरा उपाय आहे. पार्श्वभूमी काळी करून एलसीडीवर काही हाती लागत नाही.

फोनची गोष्ट वेगळी आहे, पण ती सांगितली जाते तेवढी सरळ नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली ओएलईडी पडद्याच्या काही अँड्रॉइड फोनांवर गूगल मॅप्स, यूट्यूब, कॅल्क्युलेटर अशी रोजची अॅप्स चालवून मोजमाप केले. ब्राइटनेस 100 टक्के असताना लाइट मोडवरून डार्क मोडवर गेल्यास सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली. मात्र ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना, म्हणजे घरात बहुतेक जण ठेवतात तसा असताना, ही बचत सरासरी 3 ते 9 टक्केच भरली. अर्थात मोठी बचत हवी असेल तर पडदा पूर्ण उजळलेला असायला हवा, आणि पडदा पूर्ण उजळतो तो भर उन्हात.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात नेमकी इथेच अडचण येते. पंढरपूरच्या गाडीची वाट पाहत एसटी स्थानकाच्या उघड्या बाजूला उभी असताना मी फोनवर काळ्या पार्श्वभूमीचे पान उघडले, तेव्हा अक्षरांच्या आधी मला माझाच चेहरा, मागचे पत्रे आणि काचेवरचे बोटांचे ठसे दिसले. काचेवरून परावर्तित होणारा उजेड पडद्याच्या काळ्या भागावर पसरतो, काळा भाग राखाडी होतो आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातला फरक घटतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचा स्वतःचा प्रकाश त्या परावर्तित उजेडाला बराच झाकून टाकतो, म्हणून तेच पान लाइट मोडवर सावलीकडे किंचित वळून वाचता आले. ज्या जागी डार्क मोड बॅटरी सर्वांत जास्त वाचवतो, तिथेच तो सर्वांत कमी वाचता येतो. म्हणून बाहेर नकाशा चालू ठेवून प्रवास करायचा असेल, जिथे अधूनमधून एक नजर टाकली की भागते, तिथे मी डार्क मोड ठेवते. मजकूर वाचायचा असेल तर बॅटरीचा विचार बाजूला ठेवून लाइट मोड लावते.

माझ्या कामाच्या दृष्टीने खरा प्रश्न वाचनीयतेचा होता आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील हाइनरिश हाइने विद्यापीठात कोझिमा पीपेनब्रॉक, सुझाने मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग मला विशेष जवळचे वाटले, कारण त्यांत लोकांना प्रत्यक्ष मुद्रितशोधन करायला दिले होते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हलक्या पार्श्वभूमीवरची गडद अक्षरे तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांना अधिक चांगली वाचता आली. अक्षरे जितकी लहान, तितका हा फायदा ठळक होतो, असे त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसले. याचे कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. पडदा उजळ असला की बाहुली आक्रसते, आणि सुईत दोरा ओवताना आपण खिडकीशी जातो तेव्हा जसे बारीक छिद्र स्वच्छ दिसते, तशी अक्षराची कड रेखीव होते. पडदा काळा असला की बाहुली विस्फारते, भिंगाच्या कडेकडून येणारे किरणही आत शिरतात आणि बारीक तपशील थोडा पसरतो.

देवनागरीत हा पसरलेपणा कुठे नडतो, हे पाहण्यासाठी मी एका जुन्या पुस्तिकेचा मजकूर घेतला आणि माझ्या भाचीकडून त्यात चुका पेरून घेतल्या: कुठे अनुस्वार काढला, कुठे रफार बाजूच्या अक्षरावर सरकवला, कुठे घ च्या जागी ध केला. एका भागाचे वाचन पांढऱ्यावर आणि तितक्याच चुका असलेल्या दुसऱ्या भागाचे काळ्यावर केले. अक्षराचा आकार आणि फाँट तोच ठेवला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दोन्हीकडे सारख्याच सापडल्या, कारण वेलांटी मोठी असते. शिरोरेषेच्या वरचा मजकूर मात्र वेगळा ठरला. काळ्यावर पांढरी अक्षरे असतील तेव्हा रेघ प्रत्यक्षापेक्षा जाड भासते. त्यामुळे ‘सर्वांत’मधला रफार आणि त्याला चिकटलेला अनुस्वार मिळून एकच ठिपका झाल्यासारखा दिसत होता, आणि ‘ष्ट्र’सारख्या जोडाक्षरातल्या आतल्या फटी बुजत होत्या. अक्षरे बरीच मोठी केल्यावर हा फरक मावळला, पण मग पडद्यावर एका वेळी फारच थोडा मजकूर मावतो आणि परिच्छेदाचा ओघ तुटतो. त्यानंतर शेवटचे प्रूफ मी पांढऱ्यावरच वाचते.

याचा अर्थ पांढरा पडदा डोळ्यांत खुपेपर्यंत उजळ ठेवावा असा नाही. पांढऱ्या पानाचा त्रास होतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या खोलीत बहुधा मंद उजेड असतो आणि पडदा दुपारच्या ब्राइटनेसवरच राहिलेला असतो. पडद्याशेजारी कोरा कागद धरावा. कागदाच्या तुलनेत पडदा दिव्यासारखा पेटलेला वाटला तर ब्राइटनेस उतरवावा. मी संध्याकाळी टेबलावरचा दिवा लावून असा मेळ घातला, तेव्हा डार्क मोडची गरज बरीचशी संपली.

रात्री घरातले बाकीचे झोपलेले असताना, अंधारात फोन पाहायचा असेल, तर मात्र डार्क मोडच बरा. फोनमध्ये Display या भागात Dark theme चे वेळापत्रक आहे, ते मी सूर्यास्त ते सूर्योदय असे लावले आहे. तिथेही निखळ काळ्यापेक्षा गडद राखाडी पार्श्वभूमी आणि किंचित मळकट पांढरी अक्षरे मला अधिक सोयीची वाटतात. ज्या अॅपमध्ये रंग निवडता येतात तिथे मी `#121212` वर `#E0E0E0` असे ठेवते. अक्षरांभोवतीची झळाळी त्याने कमी होते. शिवाय ओएलईडीवर पूर्ण विझलेले ठिपके पुन्हा उजळायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे निखळ काळ्यावर मजकूर सरकवताना अक्षरांमागे जी सावली ओढली जाते, तीही राखाडीवर फारशी दिसत नाही. बॅटरीचा जो काही तोटा होतो तो नगण्य आहे. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे अधिकच फुटलेली दिसू शकतात. माझ्या एका सहकाऱ्याने याच कारणाने रात्रीही लाइट मोडच ठेवला आहे.

आईचा फोन लावून देताना मात्र मी उलट निर्णय घेतला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गढूळ झालेल्या नेत्रभिंगात पांढऱ्या पार्श्वभूमीचा भरपूर प्रकाश विखुरतो आणि अक्षरांवर धुके पसरते. काळ्या पार्श्वभूमीतून मुळात प्रकाशच कमी येत असल्याने असे धुके कमी होते. मी तिला एकच संदेश दोन्ही प्रकारे दाखवला. “अगं, पांढऱ्यावर नुसतं चकाकतंय, काळ्यावर नीट कळतंय बघ,” असे ती लगेच म्हणाली. म्हणून तिच्या फोनवर दिवसरात्र डार्क मोड आहे, अक्षरे मोठी आणि ठळक केली आहेत, आणि उन्हात फोन वाचायचा झाला तर आधी सावलीत ये असे सांगून ठेवले आहे. दिवाळीनंतर तिची शस्त्रक्रिया ठरली आहे. नवे भिंग बसल्यावर विखुरणारा प्रकाश कमी होईल, तेव्हा तोच संदेश तिला पुन्हा दोन्ही रंगांत दाखवून मोड नव्याने ठरवायचा आहे.