फायबर तुटला तरी लाइन चालू राहावी म्हणून: गेटवेची कॅश ठरवताना

आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना चाकणला आहे. तपासणीच्या कॅमेऱ्यांचे फोटो एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये साठवायचे ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. पार्ट चांगला की रिजेक्ट, हा निर्णय लाइनजवळच्या पीसीवरच व्हायचा होता. क्लाउडमध्ये फक्त फोटो जाणार होते. त्यासाठी आमच्याच सर्व्हरवर एस३ फाइल गेटवे बसवला. लाइनच्या पीसीला तो साधा शेअर्ड फोल्डर दिसतो. फोटो आधी स्थानिक कॅश डिस्कवर उतरतो आणि तिथून मागाहून वर जातो. एडब्ल्यूएसचंच हार्डवेअर, म्हणजे कारखान्यात बसवायचा आउटपोस्ट रॅक, घ्यायचा विचारही झाला; पण साठवणीपुरतं काम असताना अख्खा रॅक मला पटला नाही.

खरा प्रश्न कॅश किती ठेवायची हा होता. कॅमेरे मिळून सेकंदाला 24 एमबी फोटो तयार होतात आणि फायबरवरून साधारण 20 एमबी वर जातात. म्हणजे सेकंदाला 4 एमबी मागे राहतं. दोन शिफ्टमध्ये हे 230 जीबी होतं आणि तिसरी शिफ्ट बंद असल्याने रात्री तीन-सव्वातीन तासांत निपटतं. या हिशेबाने 500 जीबी कॅश भरपूर वाटते.

पण आमच्या भागात रस्ता खोदताना फायबर तुटणं नवीन नाही. मग सगळा भार पर्यायी लिंकवर येतो आणि ती सेकंदाला जेमतेम 4 एमबी देते. मागे राहणारा डेटा 20 एमबीवर जातो आणि 500 जीबी सात तासांत भरते, म्हणजे पहिली शिफ्टही पुरी होत नाही.

म्हणून चालू करण्याआधी फायरवॉलवर वेग मुद्दाम तेवढा कमी करून पाहिला. कॅश न चढलेल्या फोटोंनी भरली की नवे फोटो अपलोडच्याच वेगाने लिहिले जातात. पीसीचं सॉफ्टवेअर फोटो सेव्ह होईपर्यंत थांबतं, आणि लाइनही. सुपरवायझर म्हणाले, “साहेब, कॅमेरा ठीक आहे, पण पुढचा पार्टच घेत नाहीये.”

त्यावर दोन बदल केले. पीसी आता फोटो स्वतःच्या एसएसडीवर लिहून लगेच पुढे जातो आणि वेगळी प्रक्रिया तो गेटवेवर टाकते. शिवाय कॅश 2 टीबी केली. त्यासाठी नवी डिस्क जोडली, कारण कॅशला दिलेल्या डिस्कचा आकार वाढवायचा नसतो. आता पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीलाच फायबर तुटला, तरी दुसऱ्या दिवसाची दुसरी शिफ्ट निम्म्यावर येईपर्यंत जागा पुरते.

एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत मी `CachePercentDirty` या आकड्यावर, म्हणजे कॅशचा किती टक्के भाग अजून वर न चढलेल्या फोटोंनी व्यापला आहे त्यावर, 25 टक्क्यांना अलार्म लावला आहे. रोजच्या कामात तो 12च्या पुढे जात नाही. त्यामुळे 25 ओलांडले की शिफ्ट इंजिनिअर थेट लिंक तपासतो, आणि तेव्हाही हाताशी दीड टीबी मोकळी असते.