आमची वाटचाल: चौथ्या वर्षाचा उन्हाळा

आमच्या शेतीच्या खेळाची पहिली आवृत्ती बरी चालली, पगार वेळेवर झाले. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कंपनी बुडायला आली ती एका ताईंच्या पत्रानंतर. पहिल्या दिवसापासून खेळणाऱ्या आमच्या या ग्राहक. त्यांनी लिहिलं, ‘चौथ्या वर्षी उन्हाळा लागला आणि दिवस निम्म्यावर आला. पाणी घालून होत नाही तोवर रात्र.’

आमच्या खेळातलं एक मिनिट म्हणजे खरा अर्धा सेकंद, म्हणजे खेळातला पूर्ण दिवस खऱ्या 12 मिनिटांचा. ऋतू 28 दिवसांचा, वर्ष चार ऋतूंचं. माझ्या जुन्या मशीनवर ताईंची सेव्ह फाईल उघडली तर सगळं सुरळीत!

भागीदाराने दोष कॅलेंडरवर टाकला. प्रत्येक पिकाला स्वतःचा टायमर द्या, हा त्याचा जुनाच हट्ट. पण खेळाडू घरात गेला की शेताचा सीन मेमरीतून उतरतो आणि पिकातला टायमर तिथेच थांबतो, हे मी त्याला कितीदा सांगितलं. आमचा पायाच कच्चा आहे असं प्रकाशकाला सांगून तो निघून गेला आणि पुढचा हप्ता अडकला. ते मी विसरलेलो नाही.

दोष घड्याळात होता. एकूण मिनिटं आम्ही 32 बिटांच्या फ्लोटमध्ये साठवत होतो आणि प्रत्येक फ्रेमला त्यात थोडी भर घालत होतो. आकडा मोठा झाला की फ्लोटमध्ये अपूर्णांकाला जागा उरत नाही. 5,24,288 मिनिटांनंतर त्याची सर्वात लहान पायरी 0.0625 होते. ताईंकडे सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला 0.0333 मिनिटांची भर. ती वर सरकून 0.0625 व्हायची. दिवस 12 मिनिटांवरून साडेसहा मिनिटांच्या आत आला. माझ्याकडे 30 फ्रेम, भर 0.0667, तीही 0.0625 व्हायची, पण एवढा फरक डोळ्यांना कुठे दिसतो? आणि तो आकडा कॅलेंडरवर मांडला तर चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्याचा पहिला दिवस, पहाटेचे 2 वाजून 8 मिनिटं. ताईंनी अचूक लिहिलं होतं.

दुरुस्ती एवढीच:

```
acc += delta
while acc >= 0.5:
    acc -= 0.5
    total_min += 1
day = total_min // 1440
season = day // 28 % 4
```

`total_min` पूर्णांक आहे. दिवस-रात्रीचा प्रकाशही त्यावरूनच ठरतो. पिकाकडे टायमर नाही. पाणी मिळालेले दिवस आणि शेवटचा हिशोब झालेला दिवस, एवढंच. सीन उघडला की मधले दिवस एकेक करून मोजायचे. एकदम वजाबाकी करू नका, नाहीतर कोरडे दिवसही वाढीत धरले जातात. आणि घड्याळ तपासायचं तर 30, 60 आणि 144 अशा तिन्ही फ्रेमदरांवर तपासा. जुनं घड्याळ 144 वर 183व्या दिवशीच थांबलं असतं.

हप्ता पुढे सुटला. ताईंची ती सेव्ह फाईल आजही प्रत्येक आवृत्तीआधी तिन्ही दरांवर चालवतो. उन्हाळ्याचा पहिला दिवस पुरता 12 मिनिटांचा भरला, तरच खेळ बाहेर जातो.