जॉइनिंग महिनाभर पुढे ढकलले, पण ते कागदावर यायला सोळा दिवस लागले

माझ्या ऑफर लेटरमध्ये रुजू होण्याची तारीख 15 सप्टेंबर होती आणि तिच्याखाली असे वाक्य होते की, या तारखेला किंवा तिच्या आत रुजू न झाल्यास हा प्रस्ताव आपोआप रद्द समजला जाईल. जुलैमध्ये सही करताना मी ते वाक्य वाचले होते, पण त्याचा विचार केला नव्हता. भोसरीतल्या कंपनीत मी क्वालिटी विभागात होते, राजीनामा दिलेला होता, साठ दिवसांचा नोटीस पीरियड सुरू होता आणि 12 सप्टेंबर हा माझा तिथला शेवटचा दिवस ठरलेला होता. नवी कंपनी चाकणला होती. 24 ऑगस्टला, गणपतीच्या आदल्या रविवारी, मिरजेला बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे वॉकरशिवाय पाऊल टाकायचे नाही आणि 7 ऑक्टोबरला एक्स-रे काढून पुढचे ठरवायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. आईला स्वतःलाच गुडघ्याचा त्रास आहे. नागपूरची ताई मुलीची सहामाही परीक्षा संपवून 11 ऑक्टोबरला येऊ शकत होती. 12 सप्टेंबरपर्यंत मावशी थांबायला तयार झाली. म्हणजे मधले चार आठवडे माझे होते, आणि हिशोब करता मला मागायची तारीख निघाली ती 13 ऑक्टोबर, सोमवार.

या हिशोबाबद्दल आधीच सांगते, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. मी ‘साधारण महिनाभर’ असे कुठेही म्हटले नाही. साधारण महिन्याचा दीड महिना होतो हे समोरच्यालाही माहीत असते, आणि ज्याला तुमच्या जागेवरचे काम तोवर दुसऱ्याकडून करून घ्यायचे आहे त्याला नेमका दिवस हवा असतो. ताई अमुक दिवशी येणार, एक्स-रे अमुक दिवशी आहे, म्हणून मी अमुक दिवशी येईन, एवढे सांगितले की ‘त्यानंतर आणखी वाढवून मागाल का’ हा प्रश्न बहुधा उरत नाही. मला तो कोणी विचारला नाही.

पहिला फोन मी एचआरला केला नाही. ज्यांच्या हाताखाली काम करायचे होते त्या विभागप्रमुखांना सोमवारी सकाळी फोन केला. माणूस त्यांना हवा होता, एचआरला नव्हे, आणि माझ्या आधी ही बातमी एचआरकडून त्यांच्या कानावर गेली असती तर ‘ही मुलगी दुसरीकडे बोलणी करत असावी’ अशी शंका येणे स्वाभाविक होते. फोनवर पहिले वाक्य मी ‘सर, मी रुजू होणार आहे, त्यात काही बदल नाही’ हे बोलले आणि मग अडचण सांगितली. ते म्हणाले, “वडिलांकडे बघा. माझ्याकडून हरकत नाही, फक्त एचआरला लेखी कळवून ठेवा.”

त्याच दिवशी दुपारी, रुग्णालयाच्या जिन्यात बसून, मी एचआरच्या बाईंना मेल लिहिला. मूळ मेल इंग्रजीत होता. त्याचा मराठी मजकूर असा:

“मी स्वीकारलेल्या प्रस्तावानुसार 15 सप्टेंबरला रुजू होणे अपेक्षित आहे. माझ्या वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले असून त्यांच्यावर उद्या शस्त्रक्रिया होत आहे. त्यांच्या देखभालीसाठी मला रुजू होण्याची तारीख सोमवार, 13 ऑक्टोबर अशी बदलून मिळावी, ही विनंती. विभागप्रमुखांशी आज सकाळी बोलणे झाले असून ते या मेलच्या प्रतीत आहेत. कागदपत्रांची पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी मी ठरलेल्या वेळेतच पूर्ण करेन. तारीख मान्य असल्यास कृपया सुधारित पत्र पाठवावे.”

मेल एवढाच होता. रुग्णालयाचे कागद जोडले नाहीत. मागितले असते तर डिस्चार्ज कार्ड दिले असते, पण न मागता बाबांची सगळी फाईल अनोळखी इनबॉक्समध्ये टाकण्याची मला गरज वाटली नाही. जॉइनिंग बोनसबद्दल एक शंका बरेच दिवस मनात होती, तीही या मेलमध्ये घातली नाही, कारण एका विनंतीला दुसरी चिकटली की पहिलीकडेही घासाघीस म्हणून पाहिले जाते.

मंगळवारी संध्याकाळी एचआरच्या बाईंचा फोन आला. “हो, चालेल, काही काळजी करू नका, तुमची तारीख मी बदलून घेते,” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि त्या कोकणात गावी निघाल्या होत्या. मी आईला सांगितले की काम झाले.

काम झाले नव्हते. ‘सुधारित पत्र पाठवावे’ हे मेलमधले शेवटचे वाक्य त्या फोनमध्ये विरून गेले होते आणि मीही सुटकेच्या भरात त्याची आठवण केली नाही. माझी चूक कुठे झाली असे कोणी विचारले तर ती इथे झाली. फोन ठेवल्या ठेवल्या ‘आज आपले जे बोलणे झाले त्यानुसार माझी नवी तारीख 13 ऑक्टोबर समजते’ असा दोन ओळींचा मेल पाठवायला हवा होता. तो मी पाठवला आठ दिवसांनी, तोवर बाबा घरी आले होते, गौरी-गणपती गेले होते आणि एचआरच्या बाई परतल्या होत्या. उत्तर आले नाही. मात्र 4 सप्टेंबरला कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप सुटणारा एक मेल आला: आपले स्वागत आहे, 15 सप्टेंबरला सकाळी साडेआठला मुख्य प्रवेशद्वारापाशी मूळ कागदपत्रांसह यावे, न आल्यास प्रस्ताव रद्द समजला जाईल.

मी पुन्हा ऑफर लेटर उघडले आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचले. तिथे आणखी एक कलम होते: या पत्रातील अटींमधला कोणताही बदल अधिकृत सहीने लेखी दिलेला असेल तरच ग्राह्य धरला जाईल. म्हणजे मंगळवारच्या त्या ‘हो, चालेल’ला कंपनीच्याच कागदानुसार काही किंमत नव्हती. बाईंच्या मनात खोट नव्हती हे मी आजही मानते. पण त्या उद्या नोकरी सोडून गेल्या असत्या तर माझ्याकडे दाखवायला फक्त कॉल लॉगमधली नऊ मिनिटे होती.

पुढच्या आठवड्यात मी जितके फोन केले तितके एरवी वर्षभरात करत नाही. एचआरच्या बाई “प्रोसेसमध्ये आहे” म्हणत. प्रोसेस म्हणजे काय, कोणाकडे, किती दिवस, याचे उत्तर मिळत नव्हते. इकडे भोसरीत माझ्या जागी माणूस घेतलेला होता, त्यामुळे राजीनामा मागे घेण्याची वाट बंद झाली होती. शेवटी सोमवारी, 8 तारखेला, मी पुन्हा विभागप्रमुखांना फोन केला आणि तक्रारीचा सूर न लावता एवढेच विचारले की, सर, तुमच्याकडे मंजुरीसाठी काही आले आहे का? त्यांनी संगणकात पाहिले. काहीच आलेले नव्हते. विनंती यंत्रणेत सुरूच झाली नव्हती.

ती का झाली नव्हती, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा. त्या कंपनीत तारीख त्याच तिमाहीच्या आत सरकवायची असेल तर एचआर स्वतःच ती बदलू शकते. माझी जागा जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या खर्चात धरलेली होती. 13 ऑक्टोबर म्हणजे पुढची तिमाही, आणि त्यासाठी विभागप्रमुख, त्यांच्या वरचे अधिकारी आणि फायनान्स अशा तीन मंजुऱ्या लागत होत्या. एचआरच्या बाईंनी गावाहून आल्यावर तारीख बदलायचा प्रयत्न केला, यंत्रणेने ती घेतली नाही, आणि तो विषय तसाच पडून राहिला. मी 29 सप्टेंबर मागितला असता तर पाच मिनिटांचे काम होते. हे पहिल्याच फोनवर कोणी सांगितले असते तर मावशीला आणखी दोन आठवडे थांबण्याची गळ घातली असती. आता कोणी मला विचारले तर मी सांगते की तारीख मागण्यापूर्वी ‘कोणत्या दिवसापलीकडे गेले तर वरची मंजुरी लागते?’ हे आधी विचारा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या अखेरी या दृष्टीने विशेष जपाव्यात.

एक गोष्ट मी त्या आठवड्यात कंपनीत कोणालाही बोलले नाही. पत्र आलेच नाही तर 15 तारखेला रुजू व्हायचे आणि मग आठवडाभराने बिनपगारी रजा मागायची, असे मी घरी ठरवून ठेवले होते. मावशीला तशी कल्पनाही दिली होती. हा पर्याय पहिल्याच मेलमध्ये लिहिला असता तर मला तोच मिळाला असता, म्हणून तो मनातच ठेवला; पण तो हाताशी होता म्हणूनच फोनवर माझा आवाज चढला नाही.

विभागप्रमुखांनी स्वतः विनंती सुरू केली. वरची मंजुरी एका दिवसात आली. फायनान्समध्ये ती दोन दिवस अडकली. गुरुवारी, 11 सप्टेंबरला, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुधारित पत्र आले. दुसऱ्या दिवशी मी भोसरीतून बाहेर पडणार होते.

ते पत्र मी जुन्या पत्राशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिले, आणि तसे पाहणे गरजेचेच होते. पगार, हुद्दा आणि प्रोबेशन तेच होते. नवे एक वाक्य होते: 30 सप्टेंबरनंतर रुजू होणारे कर्मचारी येत्या एप्रिलच्या वेतनवाढीस पात्र नसतील. नियम जुनाच होता, पण पहिल्या तारखेला तो मला लागू होत नसल्याने पहिल्या पत्रात नव्हता. मी एक रात्र विचार केला आणि सही केली. चार आठवड्यांची ती किंमत मला मान्य होती, फक्त ती मला एप्रिलमध्ये कळली नाही, सही करतानाच कळली.

भोसरीतला शेवटचा दिवस पुढे का ढकलला नाही, असे काहींनी विचारले. तिथे नोटीस पीरियडमध्ये घेतलेली रजा नोटिशीत धरत नाहीत, त्यामुळे पगार चालू ठेवून मिरजेला राहणे शक्य नव्हते. ज्यांना ते शक्य असेल त्यांनी जरूर विचारावे, कारण कंपनीचा गटविमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. बाबांचा क्लेम त्याच विम्यातून झाला होता आणि तो पूर्ण निकाली निघाल्याचा मेल 9 तारखेला आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

13 ऑक्टोबरला मी सुधारित पत्राची छापील प्रत घेऊन चाकणच्या गेटवर गेले. सुरक्षारक्षकाच्या यादीत माझे नाव होते, ओळखपत्रही तयार होते. महिनाअखेरीस हजेरीचे पान उघडले तेव्हा तिथे माझी रुजू तारीख 15 सप्टेंबर दिसत होती आणि पुढे एकोणीस दिवस ‘गैरहजर’ लिहिलेले होते. मी तेच पत्र पुन्हा स्कॅन केले आणि पगार विभागाला पाठवले.