बोलावण्याआधीच आलेला मेकॅनिक

तासगाव तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव आहे. गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि बल्क कूलरमधले संध्याकाळचे ११४० लिटर दूध सकाळी संघाच्या शीतकरण केंद्रावर उकळी चाचणीत फुटले. संघाने त्या दुधाची पूर्ण रक्कम संस्थेच्या बिलातून कापली आणि ‘घटनाक्रम वेळेनिशी सादर करावा’ अशा एका ओळीचे पत्र पाठवले. त्या एका ओळीने माझे तीन आठवडे खाल्ले.

पहिला खुलासा मी एका बैठकीत लिहून काढला. वीज जाणे, जनरेटरला सेल्फ मारूनही तो न उचलणे, मेकॅनिकला फोन, त्याचे येणे, संघाच्या सुपरवायझरला कळवणे, बॅटरी बदलल्यावर जनरेटर चालू होणे हा क्रम मला तोंडपाठ होता. वेळांपैकी काही मोबाइलमधून घेतल्या, काही कॅमेऱ्याच्या चित्रणातून आणि उरलेल्या ऑपरेटर आण्णांना विचारून. संघातल्या लिपिकांनी तो कागद वाचला, दोन ओळींना लाल गोल केला आणि परत दिला. “सचिव, तुमचा मेकॅनिक फोन उचलायच्या आधी सहा मिनिटं दारात हजर आहे की हो. एवढा तत्पर माणूस आम्हालाही हवाय.”

मला राग आला, पण लाल गोल खोटा नव्हता. माझ्या मोबाइलच्या कॉल यादीत मेकॅनिकशी बोलणे ७:३७ ला झाले होते आणि चित्रणात त्याची मोटारसायकल ७:३१ ला अंगणात शिरत होती. मी दुसऱ्या खेपेला ‘सुमारे’ हा शब्द घालून कागद नेला आणि तोही परत आला. ‘सुमारे’ लिहिल्याने चूक झाकली जात नाही, ती फक्त सगळ्या वेळांवर पसरते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

दोष कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या घड्याळाचा होता. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून तो सहसा चुकत नाही. आमचा डीव्हीआर मात्र इंटरनेटला जोडलेला नव्हता आणि दोन वर्षांपूर्वी बसवताना हाताने लावलेले घड्याळ कोणी पुन्हा पाहिले नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरे बसवणाऱ्या मुलाने सोपा उपाय सांगितला : मोबाइलवर सेकंदासह घड्याळ उघडून तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि ते चित्रण पाहा. चित्रात मोबाइलवर ११:०४ आणि कोपऱ्यात डीव्हीआरची वेळ १०:४१ दिसली. म्हणजे डीव्हीआर तेवीस मिनिटे मागे होता. इथे एक ताकीद द्यायला हवी, की हा फरक सापडल्यावर त्या मुलाने डीव्हीआरचे घड्याळ लगेच नीट करायला हात घातला होता आणि मी त्याला थांबवले. घड्याळ दुरुस्त झाले की फरक किती होता, याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा जातो. आधी मोबाइल धरलेले ते चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, मग घड्याळाला हात लावावा.

तरीही आज असलेला फरक त्या रात्री तेवढाच होता हे कशावरून, हा प्रश्न उरतोच, आणि लिपिकांनी तो विचारलाही. त्यासाठी त्या रात्रीचीच अशी घटना हवी, जी चित्रातही दिसते आणि दुसऱ्या खात्रीच्या घड्याळातही नोंदलेली आहे. आमच्या हाती ती फोनच्या रूपाने लागली. मी गल्ल्याच्या टेबलाशी उभा राहून मेकॅनिकशी बोलत होतो. चित्रात मी मोबाइल कानाला लावतो तेव्हा कोपऱ्यात ७:१४ दिसतात आणि कॉल यादीत ७:३७. रात्री सुपरवायझरला केलेला फोन यादीत १०:०५ ला आहे आणि चित्रात ९:४२ ला. सुमारे अडीच तासांच्या दोन टोकांना तेवीसच मिनिटे आली, याचा अर्थ डीव्हीआर मध्येच बंद पडून चुकीच्या वेळेवर चालू झालेला नव्हता. इन्व्हर्टरने त्याला रात्रभर तगवले होते. एकच जोड धरून थांबलो असतो तर हे कळले नसते.

मग मेकॅनिक ७:५४ ला आला, म्हणजे बोलणे झाल्यावर सतरा मिनिटांनी. वीज गेल्याची वेळही अशीच निघाली. ट्यूबलाइट विझताच कॅमेरा रंगीत चित्रावरून काळ्यापांढऱ्या रात्रीच्या चित्रावर जातो आणि तो क्षण डीव्हीआरमध्ये ६:२९ ला आहे, म्हणजे प्रत्यक्षात ६:५२. सबस्टेशनच्या नोंदवहीत ६:५५ लिहिलेले होते. हाताने लिहिलेली आणि पाचाच्या पटीत येणारी वेळ बहुधा नोंद करण्याच्या सोयीची असते, म्हणून मी ६:५२ धरली आणि सबस्टेशनची वेळ शेजारी लिहून ठेवली. ती खोडली नाही.

तिसऱ्या खुलाशात प्रत्येक ओळीला चार रकाने केले : घटना, यंत्रावर दिसलेली वेळ, दुरुस्त वेळ आणि ती कशावरून. आण्णांच्या आठवणीतल्या वेळांपुढे ‘आठवणीवरून’ असेच लिहिले. सुपरवायझरला कळवल्याच्या ओळीत मात्र मला दोन ओळी कराव्या लागल्या. मी ८:०३ ला व्हॉट्सॲपवर संदेश टाकला होता. पाठवणाऱ्याला त्या संदेशाची माहिती उघडली की पोहोचल्याची आणि वाचल्याची वेळ वेगवेगळी दिसते. पोहोचला ८:०३ ला, वाचला ९:१६ ला. आम्ही कळवले ती एक वेळ आणि त्यांना कळले ती दुसरी. टँकर लवकर बोलावता आला असता की नाही, हा वाद या त्र्याहत्तर मिनिटांवरच होता.

मध्यरात्रीनंतरच्या नोंदींनीही एकदा घोळ केला. वीज आली ती रात्री १२:२४ ला, आणि आमच्या बोलण्यात ती ‘त्याच रात्री’ असली तरी कागदावर तारीख बदललेली असते. म्हणून पुढे मी चोवीस तासांची वेळ आणि प्रत्येक ओळीला तारीख अशीच पद्धत ठेवली. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : चित्रण आधी उतरवून घ्या. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवे लिहितो. मी अकराव्या दिवशी गेलो तेव्हा आमच्या डिस्कवर शेवटच्या तेरा दिवसांचेच चित्रण शिल्लक होते.

लिपिकांनी या खेपेला कागद उभ्याउभ्या न वाचता खुर्ची ओढून वाचला आणि लाल पेन एकाच जागी टेकवला. ६:५८ ला मेकॅनिकने फोन उचलला नाही, त्यानंतरचा फोन थेट ७:३७ ला. मधल्या एकोणचाळीस मिनिटांत काय केले? खरे सांगायचे तर वीज येईल म्हणून आम्ही वाट पाहिली आणि उरलेले दूध घेत राहिलो. फॅट मशीन बॅटरीवर चालत होते. मी ती ओळ त्यांच्यासमोरच हाताने लिहिली आणि सही केली. पुढच्या दहा दिवसांच्या बिलात कापलेल्या रकमेपैकी निम्मी परत आली. उरलेली निम्मी त्या एकोणचाळीस मिनिटांची, असे त्यांनी तोंडी सांगितले, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही.