बिबट्याच्या फोटोतून जाळी घालवताना

प्राणिसंग्रहालय उघडलं तसा मी थेट बिबट्याकडे गेलो. सकाळी तो हिंडत असतो आणि ऊन तिरपं असल्याने जाळीचा काही भाग अजून सावलीत असतो. मला तोच भाग हवा होता. उन्हातली तार चकाकते. ती धूसर झाली तरी तिचा उजेड फोटोवर पांढुरका पसरतो आणि बिबट्याचे काळे ठिपके राखाडी दिसतात.

पिंजऱ्यापुढे कठडा होता, त्यामुळे लेन्स आणि जाळी यांत मीटरभर अंतर राहिलं. कठडा ओलांडायचा नाही, फोटो कितीही हवा असला तरी नाही. मग भिस्त अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं त्यावर. ३०० मिमीला एफ ५.६ ठेवलं की उजेड सुमारे ५४ मिमी रुंद तोंडातून आत येतो. तीन मिमीची तार त्यातला थोडासाच अडवते, म्हणून ती फोटोत विरून जाते. एफ १६ ला हेच तोंड जेमतेम १९ मिमीचं होतं आणि तारेचे पट्टे उमटू लागतात. उजेड भरपूर असला तरी मी अ‍ॅपर्चर उघडंच ठेवतो आणि शटरचा वेग वाढवतो.

बिबट्या मागच्या ओंडक्यावर, दहाएक मीटरवर होता तोवर जाळी जणू नव्हतीच. मग तो उठून जाळीपाशी आला. चेहरा फ्रेमभर दिसत होता, मोह प्रचंड होता, पण तार आणि डोळे जवळजवळ एकाच अंतरावर आल्यावर कुठलंच अ‍ॅपर्चर तार पुसू शकत नाही. ऑटोफोकसही तारच पकडू लागला. मी एकच फोकस पॉइंट निवडून तो जाळीच्या भोकात धरला आणि बिबट्या परत ओंडक्याकडे जाईपर्यंत थांबलो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो स्वच्छच वाटतात. ते मोठे करून अंगाच्या गडद भागात फिकट पट्टे आहेत का, ते तपासावं. शिवाय मागची जाळी उन्हात असेल तर तिची नक्षी पार्श्वभूमीत दिसते. त्यासाठी दोन पावलं सरकून मागे झाडी येईल असं पाहिलं.

सर्पालयात काच होती आणि तिथे जवळ जाता येत होतं. आधी काच कापडाने पुसली, मग रबरी हूड हलकेच तिला टेकवलं. हूडमुळे बाहेरचा उजेड अडतो आणि प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. लेन्स काचेसमोर सरळ हवी. जाड काचेतून तिरकं पाहिलं की खवल्यांचा रेखीवपणा जातो. अशा सरळ कोनात पोलरायझर फिल्टर प्रतिबिंब घालवू शकत नाही, उलट उजेड खातो, म्हणून मी तो काढून ठेवला. फ्लॅश बंदच. अजगर खोल, अंधाऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून होता. आयएसओ ३२०० वर नेला आणि थोडा खरखरीतपणा आनंदाने पत्करला.