मिस-सेलिंग सिद्ध झालेल्या एजंटची नेमणूक रद्द करताना: माझा अनुभव

खोटं सांगून पॉलिसी विकणाऱ्या एजंटांच्या फायली मी विमा कंपनीच्या एजन्सी विभागात हाताळतो. नेमणूक रद्द करायची तर कागद दोन लागतात. आधी कारणे दाखवा नोटीस आणि सगळी चौकशी संपल्यावर अंतिम आदेश. शाखेकडून येणाऱ्या कच्च्या मसुद्यात हे दोन्ही हमखास एकात घातलेले असतात. पहिल्याच परिच्छेदात ‘आपण ग्राहकांची फसवणूक केली असून आपली नेमणूक संपुष्टात येत आहे’ आणि शेवटी ‘खुलासा सादर करावा’. निकाल आधीच लिहून टाकला, तर खुलासा मागण्यात अर्थ काय उरला? अपिलात असा आदेश टिकणं अवघड होतं, आणि चूक एजंटची असूनही तो सुटतो.

एका फायलीवरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एकाच एजंटविरुद्ध चार निवृत्त ग्राहकांची सारखीच तक्रार होती. ‘एकदाच पैसे भरायचे, एफडीसारखं आहे’ असं सांगून प्रत्येकाकडून एक लाख रुपये घेतले गेले होते. वर्षभराने पुढच्या हप्त्याची सूचना हातात पडली, तेव्हा पॉलिसी दहा वर्षं हप्ते भरायची आहे हे त्यांना कळलं. तोवर तीस दिवसांचा फ्री लूक, म्हणजे पॉलिसी नको असेल तर परत करायची मुदत, कधीच उलटून गेला होता.

तक्रारीतल्या शब्दांवर नोटीस उभी राहत नाही. तोंडी काय सांगितलं याला साक्षीदार नसतो, त्यामुळे पुरावा कागदात शोधावा लागतो. इथे तो पॉलिसीसाठीच्या अर्जात, म्हणजे प्रपोजल फॉर्ममध्येच सापडला. एका ग्राहकाचं पेन्शन पासबुकाप्रमाणे महिना बावीस हजार, पण फॉर्मवर वार्षिक उत्पन्न नऊ लाख आणि पेशा ‘व्यवसाय’. वर्षाला एक लाखाचा हप्ता या माणसाला झेपतो असं दाखवायला उत्पन्न फुगवलेलं होतं. दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. चारपैकी तीन फॉर्मवर ग्राहकाच्या रकान्यात एकच नंबर होता. एजंटने स्वतःच्या नेमणुकीच्या अर्जात दिलेला नंबरही तोच. म्हणजे पॉलिसी देण्याआधी कंपनीने केलेला पडताळणीचा कॉल ग्राहकापर्यंत पोचलाच नव्हता. ‘दहा वर्षं हप्ता भरायचा आहे हे माहीत आहे ना?’ या प्रश्नाला तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये एकाच आवाजात ‘हो’ होतं.

म्हणून नोटिशीत प्रत्येक पॉलिसीचा वेगळा परिच्छेद केला: पॉलिसी क्रमांक, आक्षेप काय, आधार कोणता कागद, आणि आचारसंहितेतली कोणती अट मोडल्याचं दिसतं. ‘दिसतं’ हा शब्द मुद्दाम. फॉर्मच्या प्रती, नंबर जुळल्याचा तक्ता आणि रेकॉर्डिंग ऐकायची सोय नोटिशीसोबतच दिली. आपल्याविरुद्ध काय आहे हेच माणसाला दाखवलं नाही, तर तो उत्तर कशाचं देणार?

एजंट नेमणुकीच्या २०१६ च्या विनियमांत यासाठी मुदती ठरलेल्या आहेत. कंपनी चौकशी अधिकारी नेमते आणि नोटीस मिळाल्यापासून एकवीस दिवस एजंटला उत्तरासाठी असतात. मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची असल्याने पोचपावती फायलीत हवीच. नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर पाठवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला म्हणजे बजावणी झाली, असं धरून चालू नये. तक्रार ज्याने पहिल्यांदा तपासली त्यालाच चौकशी अधिकारी करणं मी टाळतो. तो मत बनवूनच बसलेला असतो.

सुनावणीत एजंटचा बचाव अपेक्षित होता तोच: सह्या ग्राहकांच्याच आहेत, आणि त्यांच्याकडे मोबाइल नव्हता म्हणून सोयीसाठी आपला नंबर दिला. हे इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत उतरवून खाली त्याची सही घेतली. आदेशात या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देणं भाग होतं. सही खरी असली तरी उत्पन्नाचा आकडा खरा ठरत नाही. आणि नंबर सोयीसाठी दिला असेल, तरी पडताळणीच्या कॉलवर ग्राहक म्हणून बोलायचं कारण नव्हतं. ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढ्या एका ओळीवर संपणारा आदेश कारणांसह दिलेला आदेश म्हणवत नाही.

चौथ्या पॉलिसीचं निघालं वेगळं. कॉल ग्राहकाच्या मुलाच्या नंबरवर गेला होता, ग्राहक स्वतः बोलला होता, आणि दहा वर्षांची मुदत त्यानेच सांगितली होती. तो आक्षेप सिद्ध झाला नाही असं आदेशात स्पष्ट लिहिलं. शाखेला ते रुचलं नाही, पण माझ्या मते त्या एका परिच्छेदामुळे उरलेले तीन निष्कर्ष भक्कम झाले.

आदेशाच्या शेवटी रद्द झाल्याची तारीख, नेमणूकपत्र आणि ओळखपत्र सात दिवसांत परत घेण्याची सूचना, आणि पंचेचाळीस दिवसांत कंपनीकडे अपील करता येईल ही माहिती दिली. त्याचं नाव काळ्या यादीच्या सामायिक नोंदीत गेलं. तो दुसऱ्या एका कंपनीचाही एजंट होता, त्या कंपनीलाही कळवलं.

आता त्याच्या ग्राहकांचं. तक्रारदार चार, पण त्याच्या कोडवरच्या पॉलिसी दीडशेच्या वर. बरेचसे लोक वर्षानुवर्षं हप्ता त्याच्याच हाती रोख देत आलेले. आदेश निघाल्यावरही तो दारात गेला, तर ते पैसे देतील आणि पॉलिसी मात्र बंद पडेल. म्हणून पत्रांची तयारी आदेशाबरोबरच करावी लागते. एसएमएसवर विसंबून चालत नाही, कारण नंबर कोणाचा आहे हे आपण पाहिलंच आहे. एकच मोबाइल किंवा ईमेल अनेक पॉलिसींवर आहे का, याची यादी काढली. त्या घरी केवायसीच्या कागदावरच्या पत्त्यावर टपालाने पत्र गेलं आणि नंतर शाखेतला माणूस जाऊन नंबर दुरुस्त करून आला.

पत्रात दोषारोप नाहीत. अमुक तारखेपासून ही व्यक्ती कंपनीची एजंट नाही. तुमची पॉलिसी कंपनीशी आहे, ती चालूच आहे. हप्ता रोख कुणाच्या हाती देऊ नका. मूळ पॉलिसी किंवा सही केलेले कोरे चेक त्याच्याकडे असतील तर परत मागा आणि शाखेला कळवा. खाली शाखेतल्या एका जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर. ज्यांचा हप्ता पुढच्या दोन महिन्यांत येत होता त्यांना आधी गाठलं, कारण वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस तीसच. ज्यांचे दावे अडकले होते त्यांच्या फायली वेगळ्या काढल्या.

तिन्ही सिद्ध प्रकरणांत फ्री लूक संपल्याचं कारण पुढे करायचं नाही, असं मी टिपणीत लिहिलं. एजंटच्या कृत्याची जबाबदारी विमा कायद्याने कंपनीवर टाकली आहे. दोघांनी पूर्ण पैसे परत घेतले. तिसऱ्याला विमा हवा होता. त्याला परवडेल एवढ्या हप्त्याची पॉलिसी खरं उत्पन्न लिहून नव्याने दिली. चौथ्याला त्याची तक्रार का मान्य झाली नाही हे कारणांसह लेखी कळवलं आणि विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येईल, हेही त्याच पत्रात लिहिलं.

उरलेल्या पॉलिसी दुसऱ्या एजंटकडे सोपवताना एक अट घातली: तो आधी फक्त सेवा देईल. जुनी पॉलिसी मोडून नवी घ्या असं तो सांगत नाही ना, हे कळावं म्हणून त्या यादीतला प्रत्येक सरेंडरचा अर्ज वर्षभर माझ्या टेबलावरून जातो.