बटणाचा निळा आता बदलायचा नाही

आज पैसे भरण्याच्या स्क्रीनचं डिझाइन एकदाचं पक्कं केलं आणि फाइल डेव्हलपरकडे दिली. बटणाचा निळा किंचित गडद करावा का, यावर टीममध्ये बराच खल चालला होता. मी दोन्ही आवृत्त्या फोनवर, खऱ्या आकारात, शेजारी शेजारी दाखवल्या; नवी कोणती ते सांगितलं नाही. कुणालाच ओळखता येईना. बटणावरची अक्षरं दोन्हींत नीट वाचता येत होती. मग तिथे हात थांबवायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राखाडी सूचनेचं मात्र तसं नव्हतं. ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही इतकी महत्त्वाची ओळ, आणि पांढऱ्यावर फिकट! अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मोजला तर जेमतेम 3:1. लहान अक्षरांना किमान 4.5:1 हवा, म्हणून ती गडद केलीच. सहा आकडी रक्कम टाकली की शेवटचे आकडे खालच्या ओळीत उतरत होते, तेही दुरुस्त केलं. हे प्रश्न आवडीनिवडीचे नाहीत, तपासून दाखवता येतात.

टीमने सुचवलेले बाकीचे बदल पुढच्या आवृत्तीच्या यादीत गेले. लोक पैसे भरताना नेमके कुठे अडखळतात ते दिसलं, की त्यातले कोणते घ्यायचे ते ठरवू.